साठ टनी काटा: गाडीचं तोंड फिरवलं की वजन बदलतं

गोदामवाला
नमस्कार मंडळी. लातूरजवळ आमचं सोयाबीन-तुरीचं गोदाम आहे. आवारात स्वतःचा काटा आहे, साठ टनी, १८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, खाली वजन झेलून मोजणारे सहा लोडसेल. इंडिकेटर दहा-दहा किलोंनी सरकतो. मार्चमध्ये पासिंग झालंय, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

गेल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याशी वाजलं. त्याचं म्हणणं, शेजारच्या धर्मकाट्यावर तीच गाडी वीस किलो कमी भरते. मला राग आला, म्हणून त्याच्यासमोरच भरलेली दहाचाकी तीनदा चढवली. २४,३१०, २४,३१०, २४,३२०. म्हटलं बघ, काटा हलत नाही. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, एकदा उलटी घालून बघू का?" घातली. २४,३३०, २४,३३०, २४,३४०. व्यापारी काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

आता प्रश्न असा की हे चालण्यासारखं आहे का? आणि माझ्या काट्याची खात्री मी स्वतः कशी करू? शेजारच्या काट्याशी ताडून पाहिलं तर पुरे का? खोलीत वीस किलोची पन्नास वजनं पडून आहेत, त्यांचा उपयोग होईल का?

टवाळ
गाडीला उलट्या दिशेने वास्तुदोष लागत असेल. आग्नेयेला इंडिकेटर ठेवून बघा.

चिखलगाडी
वीस किलोसाठी भांडता? चाळीस लिटर डिझेल जाळलं की तेहतीस किलो तिथेच कमी होतात. शेजारचा काटा किती लांब आहे? गाडी मधे कुठे उभी होती? क्लीनर खाली उतरला होता का? आम्ही रोज काटे करतो, दोन काटे कधीच जुळत नाहीत. पावसात तर बोलूच नका.

प्रमेय
मी पुण्यात कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे (छोटे तराजू, ट्रकवाले नाहीत). तुम्ही तीनदा चढवून रिपीट बघितलंत ते उत्तमच, त्यात फरक फक्त दहा. आणि तसंही तुम्ही भरलेली वजा रिकामी असं करता ना? मग काट्याची चूक दोन्हीकडे सारखीच येऊन वजा होते. मालाचं वजन बरोबरच निघतं. फार मनाला लावून घेऊ नका.

सुमती_ठाणे
माझाही काटा असंच करतो हो! केकसाठी मैदा मोजते तर भांडं कडेला सरकलं की दोन-तीन ग्रॅमचा फरक. कोणत्या कंपनीचा घ्यावा?

टवाळ
सुमतीताई, साठ टनी घ्या. मैदा कुठेही ठेवा, शून्यच दाखवेल.

जुनाकाटा
एकतीस वर्षं काटे दुरुस्त केले, आता गुडघे नकोत म्हणतात. सुमतीताईंना हसू नका, त्यांचा आजार आणि शेठचा आजार एकच आहे.

प्रमेय, तुमचं अर्धं बरोबर आहे. शून्य सरकलं असेल, समजा प्लॅटफॉर्मवर चिखल आहे आणि रिकाम्या काट्यालाच ३० किलो जास्त आहेत, तर ती चूक भरलेलीतही येते आणि रिकामीतही, वजा केली की गेली. पण चूक वजनाच्या प्रमाणात वाढत असेल तर २४ टनांवर वेगळी आणि ९ टनांवर वेगळी. ती कशी वजा होणार? आणि कोपऱ्याची चूक तर गाडी कुठे उभी राहिली, जड ॲक्सल कोणत्या सेलवर आला यावर ठरते. भरलेली आत येताना मोजली आणि रिकामी बाहेर जाताना उलट्या तोंडाने मोजली, की झाला घोळ.

शेठ, तुमचा काटा रिपीट देतो आहे. म्हणजे चूक करतो आहे, पण दर वेळी तीच करतो आहे. तुम्ही त्याला खरेपणा समजलात. तोंड फिरवल्यावर वीसने बदलतो, याचा अर्थ एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बोलते. कुठला कोपरा, ते ट्रकने कळणार नाही. ट्रकची चाकं डावी-उजवी दोन्हीकडे असतात, त्यामुळे एका बाजूची चूक निम्मी होऊन दिसते.

शेजारच्या काट्याचं म्हणाल, तर तो खरा हे कोणी सांगितलं? दोघं मिळून चुकत असतील, किंवा तो चुकत असेल. गाडी ही गाडी आहे, वजन नव्हे.

हिशोबनीस
मी जळगावकडे एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. आमच्या ऑडिटरने विचारलं होतं की दहा-दहा किलोंनी सरकणाऱ्या काट्याला किती चूक माफ असते. निरीक्षक साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं की पासिंगची मर्यादा वेगळी आणि वापरातली वेगळी. कोणाला नीट माहीत आहे का? आणि शेठचे २० किलो कशात बसतात?

जुनाकाटा
ताई, दहा किलोच्या काट्याला पासिंगच्या वेळी पाच टनांपर्यंत पाच किलो, पाच ते वीस टनांपर्यंत दहा, आणि वीसच्या वर साठपर्यंत पंधरा किलो. वापरात असताना याच्या दुप्पट. म्हणजे चोवीस टनांच्या गाडीला वापरात तीस किलो इकडे-तिकडे माफ आहेत.

म्हणून शेठच्या वीस किलोंवरून मी "काटा नापास" असं म्हणणार नाही. पण गाडीचं खरं वजन २४,३०० होतं की २४,३४०, हे कोणालाच ठाऊक नाही. फरक वीसचा दिसतोय, खरी चूक शून्य ते चाळीस काहीही असेल. खरी वजनं चढवल्याशिवाय त्याला आकडा नाही.

खोलीतली पन्नास वजनं म्हणजे एक टन. शिक्के जुने झाले नसतील तर बाहेर काढा.

ऊसकरी
तुमचा वीस किलोचा वाद बघून हसू येतंय. आमच्याकडे उसाची गाडी बाहेर मोजून कारखान्यात नेली तर दोन-दोन टन कमी भरल्याच्या तक्रारी आहेत. कारखान्याचं नाव घेत नाही. तिथे कोपरा तपासून काय होणार? माणूसच कोपऱ्यात बसलेला असतो.

जुनाकाटा
ऊसकरी, दोन टन ही काट्याची चूक नसते. टेस्ट वजनांनी काटा तपासणं आणि काट्यावरची लबाडी पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीसाठी न सांगता जावं लागतं, आणि चालू गाडी मधेच थांबवून तिच्यावर वजनं चढवावी लागतात. वीस किलोची पाच वजनं भरल्या गाडीसकट काट्यावर ठेवली आणि आकडा शंभराने वाढला नाही, तर दाल में काला. तेवढं तरी करून बघा.

ऊसकरी
वजनं घेऊन गव्हाणीपर्यंत जाऊ कोण देतंय. असो, तुमचा धागा तुमचा.

गोदामवाला
जुनाकाटा काका, आज सकाळी दोन हमाल घेऊन एक टन सहाही कोपऱ्यांवर फिरवला. सगळीकडे १,०००. एका किलोचा फरक नाही! मग मधल्या मधे हे वीस किलो कुठून आले? मला वाटतं गाडीच हलत होती.

प्रमेय
मग काटा ठीक आहे. मी म्हणत होतोच.

जुनाकाटा
शेठ, इंडिकेटर दहा किलोंनीच बोलतो. एका टनावर तीन-चार किलोची चूक असली तरी तो १,००० च दाखवणार. चूक लपते, जात नाही.

एक काम करा. वाण्याकडून एक-एक किलोची दहा वजनं आणा. आधी मधोमध पाच वजनं, म्हणजे शंभर किलो ठेवा. रिकाम्या काट्यावर सुरुवात करू नका, कारण शून्याजवळ इंडिकेटर स्वतःच आकडा ओढून शून्यावर धरतो आणि तुम्हाला खोटं समाधान देतो. आता एक-एक किलो टाकत जा आणि १०० चा ११० होतो तो क्षण बघा. काटा खरा असेल तर साधारण पाचव्या किलोला पलटेल. मग एक टन एका कोपऱ्यावर ठेवा, पुन्हा किलो-किलो टाका आणि १,००० चा १,०१० कधी होतो ते लिहा. जो कोपरा पाचच्या आधी पलटतो तो जास्त बोलतो, उशिरा पलटतो तो कमी. पाच वजा पलटीचा किलो, तेवढी चूक.

वजनं एकावर एक अगदी टोकाला रचू नका. त्या सेलच्या वाट्याला जेवढा प्लॅटफॉर्म येतो, म्हणजे सहा मीटर बाय दीड मीटर, त्याच्या आतच पसरून ठेवा. आणि वाऱ्याच्या वेळी नको. अठरा बाय तीनचा पत्रा म्हणजे पतंगच.

चिखलगाडी
पावसाचं मी म्हटलं होतं तेही सांगा ना काका.

जुनाकाटा
सांगतो. चोपन्न चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी थांबलं तर चोपन्न किलो. म्हणून पावसात गाडी चढण्याआधी शून्य बघायचं, आणि गाडीने चाकांबरोबर आणलेला चिखल उतरल्यावर पुन्हा बघायचं. पावतीवर भरलेल्या आणि रिकाम्या मोजणीची वेळ असते, पण शून्य कोणी बघत नाही.

गोदामवाला
काका, दंडवत. वाण्याकडची वजनं मिळाली. पहाटे सहा वाजता वारा नव्हता. मधोमध शंभर किलोवर पाचव्या किलोला पलटी. मग टन फिरवला. पुढचे दोन्ही कोपरे पाचला, मधला डावा पाचला, मधला उजवा चारला, मागचा डावा पाचला. आणि मागचा उजवा दोन किलोला पलटला. खोटं वाटलं म्हणून वजनं उतरवून पुन्हा ठेवली. पुन्हा दोन.

म्हणजे मागचा उजवा एका टनाला तीन किलो जास्त बोलतो?

जुनाकाटा
हो. आणि दहाचाकीचे मागचे दोन ॲक्सल त्या टोकाला आले की तिथे सतराएक टन, त्यातले निम्मे उजव्या सेलवर. साडेआठ टनाला तीनच्या हिशेबाने पंचवीस किलो. तोंड फिरवून तिथे पुढचा ॲक्सल आला तर दहा-बारा. फरक पंधराच्या आसपास, आणि इंडिकेटर दहाच्या टप्प्यात त्याचे वीस करून दाखवतो. तुमचे वीस किलो सापडले.

आता खरं सांगा. मार्चनंतर काट्याखाली कोणी गेलं होतं का?

गोदामवाला
सांगायचं राहिलं होतं… पंधरा दिवसांपूर्वी वळवाच्या पावसात वीज पडली. मागचा उजवा सेल गेला. काटा बंद ठेवून चालणार नव्हता, म्हणून ओळखीच्या एकाने त्याच रात्री जॅक लावून प्लॅटफॉर्म उचलला आणि नवा सेल टाकून दिला. पहाटे चारला चालू. मधोमध एक टन ठेवून बघितला होता, बरोबर आला.

टवाळ
धाग्याच्या पहिल्या ओळीत हे लिहायला हवं होतं शेठ. व्योमकेश बक्षीलाही आम्ही पुरावे आधी देतो.

हिशोबनीस
म्हणजे सगळ्या सेलच्या वायरी जिथे जुळतात त्या जंक्शन बॉक्सचं सील तुटलं? मग भिंतीवरचं मार्चचं प्रमाणपत्र आता काय कामाचं? आमच्याकडे असं झालं होतं तेव्हा दुरुस्तीनंतर पुन्हा पासिंग घ्यावंच लागलं, वर्षाची मुदत बाकी असूनही. आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे खात्याचा परवाना हवा. व्यापाऱ्याने तक्रार केली तर तुम्ही अडचणीत याल. परवान्याचं तर २००९ च्या वैधमापन कायद्यातच स्पष्ट आहे.

गोदामवाला
ताई, कळलं. आज फ्रेम उतरवली. काटा खाजगी असला तरी व्यवहार त्याच्यावरच होतो. परवान्याचा माणूस बोलावलाय, शनिवारी येतोय बारा टन वजनं घेऊन. तोवर बाहेरचा काटा.

चिखलगाडी
बाहेरचा म्हणजे तोच वीस किलोवाला?

गोदामवाला
तोच 😐

प्रमेय
मागे घेतो माझं. पण एक शंका. बारा टनच का? साठ टनांच्या काट्याला साठ टन वजनं नकोत? आमच्याकडे तराजूच्या पूर्ण क्षमतेपर्यंत वजनं असतात.

जुनाकाटा
साठ टन वजनं आणायची तर दोन ट्रेलर आणि एक लग्नमंडप लागेल.

बाराचा आकडा दोन ठिकाणांहून येतो. कोपऱ्यासाठी, चारपेक्षा जास्त आधार असले तर क्षमतेला (आधार वजा एक) ने भागायचं. सहा सेल, म्हणजे साठ भागिले पाच, बारा टन. आठ सेलचा असता तर साडेआठ टनच पुरले असते.

दुसरं, पूर्ण साठ टनांपर्यंत जायला वजनांच्या जागी माल चालतो. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची शिफारस आहे, ओआयएमएल आर ७६, तिच्यात निम्मी खरी वजनं असावीत असं आहे. पण काट्याचा रिपीट चांगला असेल तर सूट. रिपीट इंडिकेटरच्या एका टप्प्याच्या ०.३ च्या आत, म्हणजे आपल्या काट्याला तीन किलोंच्या आत, तर एक तृतीयांश पुरे. ०.२ च्या आत, म्हणजे दोन किलोंच्या आत, तर एक पंचमांश. साठचा पंचमांश पुन्हा बारा.

म्हणून रिपीट आधी. बारा टन तीनदा चढव-उतर करून पलटीचा किलो दोनपेक्षा जास्त हलला, तर बारा टन वजनं पुरायची नाहीत. हे लोक विसरतात. वजनं आणतात, एकदा मधे ठेवतात, आकडा बरोबर आला की चहा.

सुमती_ठाणे
माल वजनाच्या जागी कसा? मालाचं वजन तर माहीत नसतं ना? (मैदेवाली अजून वाचतेय.)

जुनाकाटा
ताई, सोपं आहे. बारा टन वजनं ठेवली, चूक नोंदली, आकडा कोणत्या किलोला पलटतो ते लिहिलं. वजनं उतरवली. आता मालाची गाडी चढवली आणि पोती काढत-घालत, शेवटी किलो-किलोने, तीच पलटी आणली. म्हणजे काट्याच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे तीच बारा टन. तिच्यावर पुन्हा खरी बारा टन वजनं, झाले चोवीस. पुन्हा वजनं उतरवून दुसरी गाडी. असं चार वेळा, साठपर्यंत. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीच्या रिपीटची चूक थोडी थोडी साचत जाते, म्हणून तर तो रिपीटचा कडक नियम.

तुमच्या घरी २०० ग्रॅमचं वजन असेल तर मैद्याने करून बघा.

गोदामवाला
शनिवारचा वृत्तांत. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी सात वाजता हायड्रा आणि एक-एक टनाची बारा बीडाची वजनं आली. मिस्त्रीने इंडिकेटरला बारीक मोडमध्ये टाकलं, दोन किलोंनी दिसायला लागलं. बारा टन सहा कोपऱ्यांवर म्हणजे हायड्राच्या बहात्तर उचली. हायड्रावाला दुपारपर्यंत माझ्याशी बोलेनासा झाला.

पाच कोपरे १२,००० ते १२,००८ मध्ये. मागचा उजवा १२,०४०. मिस्त्री काही बोलला नाही. सहा वजनं उतरवायला सांगितली. सहा टनांवर ६,०२०. सगळी उतरवल्यावर शून्य बरोबर शून्य. मग म्हणाला, "सेल खराब नाही. दगड पण अडकलेला नाही. ट्रिम केलीच नाही याची कोणी." मी विचारलं कशावरून, तर म्हणाला निम्म्या वजनाला निम्मी चूक आणि शून्यावर परत येतो. कुठे अडकत असतं तर जास्त बोललं नसतं, कमी बोललं असतं, आणि शून्यावर आलं नसतं.

जंक्शन बॉक्स उघडला. आत एक वाळलेली पाल आणि ओलसर सिलिका जेलची पुडी. सहा बारीक स्क्रू, एकेका सेलचा आकडा कमी-जास्त करायला एक, हीच ती ट्रिम. मागच्या उजव्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला, वजनं पुन्हा ठेवली. तीनदा असं. शेवटी सहाही कोपरे ११,९९८ ते १२,००६.

मी खूश. तीन वाजता रिपीट घ्यायला तीच दहाचाकी चढवली: २४,३००, २४,३२०, २४,२९०. उतरल्यावर शून्याऐवजी १०. पंधरा दिवस जो काटा न हलता तोच आकडा देत होता, तो आता सुधारल्यावर हलायला लागला!

टवाळ
पाल काढायची नव्हती.

प्रमेय
ट्रिमचा स्क्रू सैल राहिला असेल? किंवा ओलावा. इन्सुलेशन रेझिस्टन्स बघा सगळ्या केबलींचा.

जुनाकाटा
ओलावा असता तर रिकामा काटाही नुसता तरंगत राहिला असता. शून्यावर परत न येणं आणि दर वेळी वेगळं कमी बोलणं, हे घासण्याचं लक्षण आहे. शेठ, तुमचा आधीचा रिपीट किती वाजता घेतला होता? आणि टनाची टेस्ट?

गोदामवाला
व्यापारी आला होता तेव्हा सकाळचे साडेआठ. टनाची टेस्ट पहाटे सहा. शनिवारचे कोपरे सात ते बारा. आणि हा रिपीट दुपारी तीन, पत्र्याला हात लावला तर पोळतोय.

जुनाकाटा
मग काट्याच्या दोन्ही टोकांचे स्टॉपर बघा. प्लॅटफॉर्म पुढे-मागे सरकू नये म्हणून बोल्ट असतात, त्यांच्या आणि प्लॅटफॉर्मच्या मधे फट ठेवायची असते. अठरा मीटर लोखंड पहाटेच्या पंचवीस अंशांवरून दुपारच्या पंचावन्नवर गेलं तर सहा-साडेसहा मिलिमीटर लांबतं. दोन्ही टोकांना तीन-तीन. तुमच्या त्या रात्रीच्या माणसाने जॅक उतरवताना पहाटे चारला बोल्ट आवळले असणार. पहाटे दोन मिलिमीटरची फट दिसायला छान दिसते, दुपारी प्लॅटफॉर्म भिंतींमधे पाचर होतो. मग थोडं वजन सेलवर न जाता बोल्टवर घासून मुरतं.

गोदामवाला
काका, तुम्ही इथे बसून बघितलंत का? मिस्त्रीने दुपारी चारला फीलर गेज घातलं, एका टोकाला जातच नव्हतं. बोल्टच्या तोंडाला चकचकीत घासल्याची खूण. सैल करताना प्लॅटफॉर्म "टक्" करून हलला, अंगावर काटा आला. दुपारच्या तापल्या स्थितीतच फट ठेवली.

रविवारी बारा टन तीनदा, सकाळी आणि पुन्हा दुपारी. सकाळची पलटी चार, पाच, चार किलोला. दुपारची पाच, चार, पाच. हलणं एक किलो. मग गाड्यांनी साठपर्यंत नेलं, सगळीकडे दहाच्या आत. मंगळवारी निरीक्षक साहेब आले, त्यांनी स्वतः कोपरे आणि रिपीट घेतले, नवं सील आणि नवं प्रमाणपत्र.

चिखलगाडी
डिसेंबरच्या पहाटे बोल्टची फट जास्त होईल ना मग? ब्रेक मारला की प्लॅटफॉर्म धडकेल.

जुनाकाटा
होईल. माझे दोन साथीदार यावरून वीस वर्षं भांडले. एक म्हणायचा वर्षातून दोनदा बोल्ट बदला, दुसरा म्हणायचा एकदाच उन्हाळ्याला धरून लावा आणि गाड्या हळू आणा. मी दुसऱ्याच्या बाजूचा. पण ड्रायव्हर हळू आणतील यावर माझा विश्वास नाही.

हिशोबनीस
आणि पंधरा दिवसांत ज्या गाड्या मोजल्या त्यांचं काय?

गोदामवाला
तेच डोक्यात आहे. आलेल्या मालाच्या एकेचाळीस पावत्या काढल्यात. कोणती गाडी कोणत्या तोंडाने उभी होती हे पावतीवर नसतं. कॅमेऱ्याचं फुटेज आठ दिवसांचंच आहे. त्या व्यापाऱ्याला मात्र फोन केला, त्याच्या गाडीचे वीस किलो मान्य केले. तो म्हणाला शेजारचा काटाही एकदा बघून घ्या.

ऊसकरी
शेठ, ती बारा टन वजनं आणणाऱ्या मिस्त्रीचा नंबर व्यनि करा. आमच्या गावातले चौघं जण मिळून भाडं भरायला तयार आहेत. आत जाऊ देतील की नाही ते बघू.